जांभळा गोल आणि नव्वदावं मिनिट

जुनी प्रश्नपत्रिका छापून घ्यायची, टेबलावर घड्याळ ठेवायचं आणि तीन तास सोडवायची. हा विषयाचा सराव झाला, परीक्षेचा नाही. एमएचटी-सीईटी 2019 पासून संगणकावर होते आणि इंजिनिअरिंगसाठीची जेईई मेनही पडद्यावरच होते. तरी मार्च-एप्रिल आला की झेरॉक्सच्या दुकानांतून मागच्या वर्षांच्या पेपरांचे गठ्ठे बाहेर पडतात आणि क्लासमध्ये मुलं पेनाने पर्यायांभोवती गोल करत बसतात. केंद्रावर त्या मुलांना गोल करायचा नसतो. उत्तर निवडल्यावर खालच्या चार-पाच बटणांपैकी नेमकं कोणतं दाबायचं, हे दर प्रश्नाला ठरवायचं असतं. हा निर्णय जेईईत 75 वेळा आणि सीईटीच्या गणिताच्या गटात 150 वेळा घ्यावा लागतो. ज्याने तो घरी कधी घेतलेला नाही, त्याचं पहिल्या अर्ध्या तासात अर्धं लक्ष प्रश्नावर आणि अर्धं बटणांवर असतं.

पडद्याची मांडणी एकदा नीट समजून घ्या. डावीकडे मोठ्या भागात प्रश्न, उजवीकडे प्रश्नांच्या क्रमांकांचा तक्ता, वर उलटं चालणारं घड्याळ. तक्त्यात क्रमांकाचा रंग त्या प्रश्नाची अवस्था सांगतो. करडा म्हणजे प्रश्न अजून उघडलेलाच नाही. लाल म्हणजे उघडला पण उत्तर दिलेलं नाही. हिरवा म्हणजे उत्तर नोंदलं गेलं. जांभळा म्हणजे पुन्हा बघायचा ठेवलाय, उत्तर मात्र दिलेलं नाही. आणि जांभळ्यावर छोटासा हिरवा ठिपका म्हणजे उत्तर दिलंय आणि पुन्हा बघायचंही आहे. हा ठिपकेवाला जांभळा तपासणीत धरला जातो, साधा जांभळा धरला जात नाही. सूचनांच्या पानावर हे स्पष्ट लिहिलेलं असतं. पण ते पान मुलं किती वेळ वाचतात, हे कोणत्याही शिक्षकाला विचारा.

पहिला घात जांभळ्यात नाही, तक्त्यात आहे. पर्याय निवडला, तो गोल भरलेला दिसला, आणि मुलाने उजवीकडच्या तक्त्यातल्या 31 क्रमांकावर थेट क्लिक केलं. पुढचा प्रश्न उघडला. मुलाला वाटलं, उत्तर गेलं. ते गेलेलं नसतं. तक्त्यातून उडी मारल्यावर आधीच्या प्रश्नाचं उत्तर नोंदलं जात नाही, तो प्रश्न लाल राहतो. नोंद होते ती `SAVE & NEXT` दाबल्यावर, किंवा उत्तरासह पुनरावलोकनाला टाकणारं बटण दाबल्यावर. हे वाचून लक्षात राहत नाही, हाताने एकदा चुकावं लागतं. म्हणून अधिकृत सराव चाचणी उघडा, एका प्रश्नाला पर्याय निवडा, मुद्दाम तक्त्यातून दुसऱ्या प्रश्नावर जा आणि परत या. निवडलेला पर्याय पुसलेला दिसेल. ही दोन मिनिटं मुलाकडून करून घेतली नसतील, तर त्याने सोडवलेल्या गठ्ठाभर पेपरांचा या बाबतीत काही उपयोग नाही.

नोंदवलेलं उत्तर सुरक्षित असतं, हेही त्याच बटणामुळे. केंद्रावरचा संगणक मध्येच बंद पडला, तर मुलाला दुसऱ्या यंत्रावर बसवतात. तिथे नोंदवलेली उत्तरं परत दिसतात आणि गेलेला वेळ भरून मिळतो. फक्त निवडून ठेवलेला, न नोंदवलेला पर्याय मात्र जुन्या यंत्रावरच राहतो.

आता जांभळ्याकडे येऊ. जेईई मेनच्या पडद्यावर पुनरावलोकनाची दोन वेगळी बटणं असतात. `SAVE & MARK FOR REVIEW` म्हणजे उत्तर नोंदव आणि खूणही कर. `MARK FOR REVIEW & NEXT` हे उत्तर न देता खूण करून पुढे जाण्यासाठी आहे. घाईत ही दोन्ही सारखीच वाटतात, कारण दोन्हींत मार्क आणि रिव्ह्यू आहे. पण पेपर संपताना एकाने गुण मिळतात आणि दुसऱ्याने मिळत नाहीत. इतर काही परीक्षांच्या पडद्यांवर पुनरावलोकनाचं एकच बटण असतं आणि ते निवडलेलं उत्तर धरूनच पुढे जातं. म्हणजे एका पडद्यावर लागलेली बोटाची सवय दुसऱ्या पडद्यावर घातक ठरू शकते. तुमच्या परीक्षेच्या सराव पडद्यावर पर्याय निवडून खुणेचं बटण दाबा आणि तक्त्यात ठिपका उमटतो का ते बघा. अंदाजावर राहू नका.

आमच्याकडची मुलं बहुतेक वेळा या दोन्ही परीक्षा देतात, आणि तीही थोड्याच आठवड्यांच्या अंतराने. जेईईचं दुसरं सत्र एप्रिलमध्ये, मग लगोलग सीईटी. उंदीर तोच, रंग तेच, पण नियम उलटे. जेईईत चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो आणि तीन तासांत तिन्ही विषयांत कधीही, कुठूनही कुठे जाता येतं. सीईटीत वजा गुण नाहीत, पण वेळेला कुलूप आहे. पहिली 90 मिनिटं भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र, मिळून 100 प्रश्न. ती संपली की तो भाग आपोआप बंद होतो आणि गणिताचे 50 प्रश्न पुढच्या 90 मिनिटांसाठी उघडतात. जीवशास्त्राच्या गटात गणिताऐवजी जीवशास्त्राचे 100 प्रश्न. मागे जाता येत नाही. पहिल्या भागात राहिलेला प्रत्येक साधा जांभळा गोल नव्वदाव्या मिनिटाला शून्य गुणांवर गोठतो.

त्यामुळे सीईटीसाठी माझा नियम एकच आहे आणि त्याला अपवाद नाही: साधा जांभळा करायचाच नाही. प्रश्न समजला नाही, सूत्र आठवत नाही, काहीही असो, आधी एक पर्याय निवडायचा आणि मगच खूण करायची. वजा गुण नसताना कोरा प्रश्न सोडणं म्हणजे चारातली एक संधी हातची फेकणं. नंतर वेळ मिळाला तर उत्तर बदलता येतं. ओएमआर उत्तरपत्रिकेवर काळं केलेलं वर्तुळ परत घेता येत नसे, म्हणून मुलं शेवटपर्यंत थांबत. पडद्यावर ती भीती नाही, आणि तरी जुनी थांबायची सवय शिकवली जाते आहे.

एक पेपर आकड्यांत चालवून बघू. समजा एका मुलीने रसायनशास्त्रापासून सुरुवात केली, कारण त्यात लांबलचक गणितं कमी. 30व्या मिनिटाला 50 पैकी 38 हिरवे, 12 ठिपकेवाले जांभळे. मग भौतिकशास्त्र. 75व्या मिनिटाला तिथे 34 हिरवे, 16 ठिपकेवाले. करडा एकही नाही, लाल एकही नाही. हातात 15 मिनिटं आणि 28 जांभळे. सरळ भागाकार केला तर एका प्रश्नाला 32 सेकंद येतात. एवढ्यात प्रश्न पुन्हा वाचून होईल, सुटणार नाही. पहिल्यापासून क्रमाने एकेक जांभळा उघडत गेली, तर नव्वदावं मिनिट येईल तेव्हा तिने बरेच प्रश्न फक्त वाचलेले असतील.

अडचण ही की पडदा सगळ्या जांभळ्यांना एकच रंग देतो. प्रश्न पुन्हा का बघायचा, हे तो लक्षात ठेवत नाही. ते काम कच्च्या कागदावर करावं लागतं. खूण करतानाच कागदाच्या उजव्या कडेला प्रश्नाचा क्रमांक लिहायचा आणि पुढे एक अक्षर. ‘ग’ म्हणजे रीत माहीत आहे, फक्त गणित पूर्ण करायचं राहिलंय. ‘द’ म्हणजे दोन पर्यायांत अडकलंय. फुली म्हणजे माहीतच नाही, अंदाज नोंदवलाय. यातलं कोणतंही लिहायला दोन सेकंदांहून जास्त लागत नाहीत.

आता तेच 28 प्रश्न पाहा. समजा त्यातले 9 ‘ग’, 11 ‘द’ आणि 8 फुल्या. फुल्यांना परत हात लावायचाच नाही. त्यांचं उत्तर नोंदलेलं आहे, त्यांच्यावर वेळ घालवून काही निष्पन्न होणार नाही. आधी 9 ‘ग’ घ्यायचे. पंधरा मिनिटांत प्रत्येकाला 100 सेकंद आले, आणि रीत माहीत असलेलं गणित तेवढ्यात बहुतेक वेळा सुटतं. त्यातून काही मिनिटं उरली तर ‘द’. 88व्या मिनिटाला हात थांबवून फक्त तक्त्याकडे बघायचं. लाल दिसतोय का? करडा दिसतोय का? असेल तर एक पर्याय निवडून नोंदवायचा. बाकी जांभळे ठिपक्यासह तसेच राहिले तरी चालतात. त्यांना हिरवं करण्यासाठी धावपळ करायची गरज नाही, ती उत्तरं धरलेली असतात. सगळा तक्ता हिरवा दिसावा म्हणून शेवटच्या मिनिटात भराभर क्लिक करणारी मुलं असतात आणि त्या गडबडीत बरोबर नोंदवलेला पर्याय बदलून बसतात.

गणितात हिशोब बदलतो. तिथे 50 प्रश्न, 90 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 108 सेकंद, आणि प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा. गणितातला एक ‘ग’ सोडला तर भौतिकशास्त्रातले दोन प्रश्न गेल्यासारखं आहे. तिथे पुनरावलोकनासाठी वेळ राखायलाच हवा, आणि तो राखण्याची सवय फक्त कुलूप असलेल्या चाचणीतच लागते.

आणि इथे मला सराव चाचण्या विकणाऱ्यांशी भांडायचं आहे. सीईटीच्या नावाने चालणाऱ्या काही चाचण्यांत 150 प्रश्न एकदम उघडतात आणि 180 मिनिटांचं एकच घड्याळ चालतं. मूल भौतिकशास्त्रात अडकलं की गणिताच्या वाट्याची दहा-बारा मिनिटं उचलतं आणि चाचणीच्या शेवटी उत्तम गुण घेऊन बाहेर पडतं. ते गुण अशा परीक्षेचे आहेत जी महाराष्ट्रात होतच नाही. पालक पैसे भरतात, मूल रोज सराव करतं, आणि सराव होतो तो चुकीच्या गोष्टीचा. ओळखायला सोपं आहे. चाचणी सुरू झाल्यावर दहाव्या मिनिटाला गणिताच्या नावावर क्लिक करा. उघडलं, तर ती सीईटीची चाचणी नाही. अशी चाचणी प्रश्न सोडवायला वापरा हवी तर, पण भौतिक-रसायन एका बैठकीत 90 मिनिटांचा गजर लावून, आणि गजर वाजल्यावर तो भाग पुन्हा उघडायचा नाही. खरा पडदा बघायला सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरची सराव चाचणी द्या. तिच्यातले प्रश्न सोपे वाटले म्हणून ती अर्ध्यात सोडू नका. ती प्रश्नांसाठी नाहीच.

जेईईच्या जुन्या पेपरांचं दुखणं वेगळं आहे. जुना पेपर ऑनलाइन सोडवायला घेतला की त्याच्याबरोबर त्या वर्षाचे नियमही येतात. 2021 ते 2024 या वर्षांत प्रत्येक विषयात अंकी उत्तराचे 10 प्रश्न असत आणि त्यातले कोणतेही 5 सोडवायचे असत. एकूण 90 प्रश्न, सोडवायचे 75. पाच झाल्यावर सहावा जास्त जमतोय असं वाटलं, तर आधीच्या एकाचं उत्तर पुसावं लागे. 2021 मध्ये तर या अंकी प्रश्नांना वजा गुणही नव्हते. 2025 पासून पाचच प्रश्न येतात, पाचही सोडवायचे आणि चुकीला एक गुण वजा. आता 2023 चा पेपर जसाच्या तसा पडद्यावर सोडवणारं मूल काय शिकतं? अंकी प्रश्न आवडला नाही की सोडायचा, पुढे अजून आहेत. परीक्षेत पुढे काहीच नसतं. म्हणून 2021 ते 2024 चे पेपर घेताना अंकी भागातले पहिले पाच प्रश्न घ्या आणि बाकीचे पाच उघडूच नका. वेळ तीन तासच ठेवा, गुणही आजच्या नियमाने स्वतः मोजा. चाचणीने शेवटी दाखवलेली बेरीज सोडून द्या.

अंकी प्रश्नात अजून एक गोष्ट आहे जी कागदावर कधीच कळत नाही. उत्तर पडद्यावरच्या आकड्यांच्या पाटीवर उंदराने एकेक आकडा दाबून भरायचं असतं, समोरच्या कीबोर्डला हात लावायचा नसतो. 1296 लिहायला चार क्लिक. एखादा आकडा दोनदा उमटला तर पुसून परत. आणि मग नोंदवायचं बटण. हे हळू आहे, आणि ज्याने केलेलं नाही त्याला शेवटच्या पाच मिनिटांत फार हळू वाटतं.

जेईईत जांभळ्याचा नियमही सीईटीपेक्षा वेगळा ठेवावा लागतो. चार पर्यायांच्या प्रश्नात बरोबर उत्तराला चार आणि चुकीला उणे एक. दोन पर्याय खात्रीने बाद केले असतील, तर उरलेल्या दोनांतून एक उचलण्याचा सरासरी फायदा दीड गुणाचा येतो. मग उत्तर नोंदवून ठिपकेवाला जांभळा करा. एकही पर्याय बाद करता आला नाही, तर सरासरी फायदा पाव गुणाचा उरतो. कागदावर तो फायदा दिसतो, पण मोजक्या प्रश्नांत नशीब सहज उलटं फिरतं. तिथे साधा जांभळा किंवा लाल राहिला तरी हरकत नाही. अंकी प्रश्नात मात्र अंदाजाला काही अर्थ नाही. तिथे चारातला एक नसतो, शेकडो शक्यता असतात, आणि चुकीचा आकडा म्हणजे जवळजवळ खात्रीचा उणे एक. मोजून उत्तर आलं तरच भरा.

उपकरणाबद्दलही बोललं पाहिजे, कारण गावाकडच्या घरांत सराव मोबाइलवर होतो. मोबाइलवर प्रश्न बोटांनी मोठा करता येतो, तक्ता लपलेला असतो, आणि डोळा व हात एकाच जागी असतात. केंद्रावर उभा पडदा समोर, उंदीर उजवीकडे, कच्चा कागद खाली. आकृतीचा प्रश्न असेल तर खाली सरकवल्याशिवाय चौथा पर्याय दिसत नाही, आणि घाईत मुलं वर दिसणाऱ्या तिनांतून उत्तर निवडून मोकळी होतात. पडद्यावरून कागदावर आकडे उतरवताना उणे चिन्ह गळतं, घात खाली येतो. या चुका मोबाइलवर सापडतच नाहीत. गावातल्या कॉलेजच्या संगणक कक्षाला आठवड्यातून एक दुपार मुलांसाठी उघडी ठेवायला काय अडचण आहे, हे मला कोणीतरी प्राचार्यांनी सांगावं. बारावीच्या प्रात्यक्षिकांनंतर ते कक्ष कुलूपबंद पडून असतात. पाच-सहा संगणक चालू असले तरी पाळ्या लावून एका दुपारी वर्गातल्या दहा-बारा मुलांचा एकेक 90 मिनिटांचा भाग होतो. नसेलच जमणार, तर सायबर कॅफेत दोन-तीन बैठका तरी करा. टचपॅडवर नाही, उंदरावर.

मराठीतून पेपर निवडणाऱ्यांसाठी एक सूचना. जेईई मेन 2021 पासून मराठीतूनही देता येते. मराठी आणि इंग्रजी दोन्ही मजकूर मिळतात आणि शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम धरला जातो. दोन्ही मजकूर ताडून बघायला वेळ लागतो. ज्या भाषेत परीक्षा, त्याच भाषेत सराव चाचणी उघडा. मराठी वर्गात शिकून इंग्रजी चाचण्या देत राहिलेलं मूल केंद्रावर शब्दांशी झगडतं.

आता शेवटची गोष्ट, जी जानेवारीत जेईई दिलेल्या मुलांच्या हातात आयती असते आणि फुकट असते. उत्तरसूचीबरोबर प्रत्येकाची स्वतःची उत्तरनोंद पाहायला मिळते. मुलं तिच्यातून बरोबर-चूक मोजतात, गुण काढतात आणि ती बंद करतात. तिच्यात प्रत्येक प्रश्नासमोर अवस्था लिहिलेली असते. `Answered`, `Not Answered`, `Marked For Review`, `Not Attempted and Marked For Review`. या शेवटच्या अवस्थेचे प्रश्न वेगळे काढा. त्यातले किती प्रश्न घरी बसून शांतपणे सुटतात ते बघा. बहुतेक सुटत असतील, तर मुलाला विषय येतो, परत येण्याची वेळ राखता येत नाही. मग पहिली फेरी दहा-पंधरा मिनिटं आधी संपवण्याचा सराव हवा, नवा धडा नको. घरीही सुटत नसतील, तर त्यांना जांभळं करण्यात घालवलेला वेळच वाया गेला, आणि पुढच्या वेळी ते पहिल्या वाचनातच सोडायचे.

`Not Answered` असलेल्यांकडे वेगळ्या नजरेने बघा. त्यातल्या एखाद्या प्रश्नासमोर बोट ठेवून मूल म्हणालं, “पण याचं उत्तर मी दिलं होतं,” तर त्याच्यावर रागावू नका. बहुधा ते तक्त्यातून उडी मारून गेलं होतं. त्याला त्याच संध्याकाळी संगणकासमोर बसवा, अधिकृत सराव चाचणी उघडा आणि पंचवीस प्रश्न फक्त बटणांसाठी चालवा. पर्याय कोणताही निवडला तरी चालेल. दर क्लिकनंतर उजवीकडे कोणता रंग आला, ते त्याने मोठ्याने सांगायचं.